नफा 82 लाख, बँकेत 3 लाख: मी पहिल्यांदा स्वतः कॅश फ्लो स्टेटमेंट बनवलं तेव्हा

पगाराची फाइल बँकेच्या पोर्टलवर चढवून झाली होती, 11 लाखांची, आणि मंजुरीचं बटण दाबण्याआधी सवयीने बॅलन्स बघितला तर 3 लाख. ओव्हरड्राफ्टची लिमिट 150 लाख आणि ती पूर्ण वापरलेली. वर्ष संपून तीन आठवडे झाले होते, वर्षअखेरीलाही खात्यात एवढेच होते, पण तेव्हा मला वाटलं होतं की दोन-चार दिवसांत कुठूनतरी पेमेंट येईल आणि गाडी चालू राहील, कारण गेल्याच आठवड्यात मी स्वतः सरांच्या, म्हणजे आमच्या मालकांच्या, टेबलावर वर्षाचा पी अँड एल, म्हणजे नफा-तोट्याचा हिशेब, ठेवला होता आणि त्यात सगळ्यात खाली निव्वळ नफा 82 लाख होता. आदल्या वर्षी 55 होता. विक्री 800 लाखांवरून 1200 लाखांवर गेलेली. म्हणजे कंपनीच्या इतिहासातलं सगळ्यात चांगलं वर्ष, आणि पगाराला पैसे नाहीत.

मी सरांना जाऊन सांगितलं. ते चिडले नाहीत, गोंधळले. त्यांनी पी अँड एल पुढे ओढला, 82 वर बोट ठेवलं आणि विचारलं, "हे खोटं आहे का?" मी म्हटलं नाही सर, ऑडिटरनीही बघितलंय, बरोबर आहे. "मग हे पैसे कुठायत?" त्या क्षणी माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणजे "उधारी वाढलीय" असं मोघम सांगता आलं असतं, पण कुठे किती अडकलेत ते आकड्यात सांगता येत नव्हतं, आणि सहा वर्षं तिथली अकाउंट्स सांभाळत असून ते सांगता न येणं मला फार लागलं.

पगार तीन दिवस उशिरा झाले. एका जुन्या ग्राहकाला दोन टक्के सूट देऊन, मुदत संपायच्या आधीच 9 लाख मागून घेतले, तेव्हा कुठे 11 ची सोय झाली. त्याच शनिवारी मी मागच्या आणि या वर्षाची बॅलन्स शीट शेजारी शेजारी ठेवून कॅश फ्लो स्टेटमेंट, म्हणजे वर्षभरात रोकड कुठून आली आणि कुठे गेली त्याचं विवरण, बनवायला बसले. तोवर ते दरवर्षी ऑडिटरच्या ऑफिसातून तयार होऊन यायचं आणि मी फाइलला लावायचे, खरं सांगायचं तर नीट वाचतही नसे.

कंपनी कारखान्यांसाठी इलेक्ट्रिक कंट्रोल पॅनल बनवते, हे आधी सांगते कारण पुढे ते लागणार आहे. पॅनल म्हणजे लोखंडी कपाटासारखं असतं, आत तांब्याच्या पट्ट्या, ब्रेकर, रिले, वायरिंग. ऑर्डर आली की माल घ्यायचा, दोन-अडीच महिने काम चालतं, मग पॅनल पाठवायचं, बिल करायचं, आणि पैसे नंतर.

स्टेटमेंटचे तीन भाग असतात: वर रोजचा धंदा, त्याखाली गुंतवणूक आणि मग कर्ज. सुरुवात नफ्यापासून. 82 लिहिले. मग घसारा परत मिळवायचा, 30 लाख. इथे बरेच जण चुकीचं समजतात, मीही आधी तसंच समजायचे, की घसारा हा पैसा येण्याचा एक मार्ग आहे. तसं काही नसतं. मशीन घेतली तेव्हाच पैसे गेले, आता दरवर्षी तिच्या किमतीचा एक तुकडा खर्च म्हणून नफ्यातून वजा होतो, पण या वर्षी त्यासाठी कोणाला काही दिलेलं नसतं, म्हणून आपण फक्त ती वजाबाकी उलटी फिरवतो. घसाऱ्याने बँकेत एक पैसा येत नाही. मग व्याजाचे 20 परत मिळवले, कारण ते मी खाली कर्जाच्या भागात दाखवणार होते (कुठल्या हिशेबपद्धतीत ते वर राहतं, कुठल्या पद्धतीत खाली, शेवटच्या बेरजेला फरक पडत नाही, पण दोन कंपन्यांची तुलना करताना ते आधी बघून घ्यावं). टॅक्स 28 लाख होता आणि तो वर्षातच भरलेला होता. तर 82 अधिक 30 अधिक 20, झाले 132. म्हणजे धंद्याने सगळा व्यवहार रोखीत केला असता तर वर्षभरात 132 लाख हातात आले असते.

आता खरा भाग. ग्राहकांकडून येणी मागच्या वर्षअखेरीला 132 लाख होती, या वर्षी 300. (वरचेही 132 आणि हेही 132, हा निव्वळ योगायोग, गोंधळू नका.) म्हणजे 168 लाखांची विक्री अशी की जी नफ्यात धरली गेली पण जिचे पैसे आले नाहीत. स्टॉक 105 वरून 190, म्हणजे 85 लाख देऊन आणलेला माल जो अजून विकलाच नाही, आणि विकला नाही म्हणून तो खर्चातही धरलेला नाही, पी अँड एल ला त्याची खबरच नाही. आणि पुरवठादारांची देणी 70 वरून 95, म्हणजे 25 लाखांचा माल आपण घेतला पण पैसे द्यायचे बाकी आहेत, हे आपल्या बाजूने. 168 आणि 85 गेले, 25 वाचले, निव्वळ 228 लाख बाहेर.

132 वजा 228. उणे 96.

मी ते दोनदा कॅल्क्युलेटरवर केलं. 82 लाख नफा कमावणाऱ्या कंपनीने आपल्या रोजच्या धंद्यातून एक पैसा आणला नव्हता, उलट 96 लाख खाल्ले होते. आणि हे मशीन, कर्जाचे हप्ते, व्याज यातलं काहीही धरण्याच्या आधी.

खालचे भाग भराभर केले आणि तिथेच चुकले. मशिनरी बॅलन्स शीटला 200 वरून 260 झाली होती, मी फरक 60 घेतला आणि गुंतवणुकीच्या भागात उणे 60 टाकले. कर्जाचा भाग बेरजेला अधिक 127 आला. एकूण उणे 29. पण बँकेतला बॅलन्स 62 वरून 3 झालेला, म्हणजे उणे 59 यायला हवे. 30 चा फरक. तासभर शोधलं, मग लक्षात आलं की 30 हा घसाऱ्याचाच आकडा आहे. 260 हे घसारा वजा करून उरलेले आहेत, म्हणजे खरेदी 60 ची नाही, 90 ची, त्यातले 30 घसाऱ्याने कमी झाले. घसारा वर एकदा परत मिळवलाय तर खाली खरेदी पूर्ण दाखवायलाच हवी. उणे 90 केले आणि बेरीज बरोबर 59 वर येऊन थांबली. ज्यांना पहिल्यांदा हे बनवायचंय त्यांना सांगते, टॅली होत नसेल तर फरकाचा आकडा घ्या आणि तो आणखी कुठे दिसतोय का ते बघा, घसारा, टॅक्स, किंवा कर्जाचा हप्ता, बहुतेक वेळा तिथेच सापडतं.

कर्जाच्या भागातही असंच निव्वळ फरक घेऊन चालत नाही. मुदतीचं कर्ज 120 वरून 150 झालं, फरक 30, पण खरं काय झालं तर नव्या मशीनसाठी 60 घेतले आणि जुन्याचे 30 फेडले. हे 30 मुद्दलाचे, ते पी अँड एल मध्ये कुठेच नसतात, तिथे फक्त व्याज असतं. सरांना हे सांगितलं तेव्हा ते खूप वेळ गप्प होते, कारण त्यांच्या डोक्यात "हप्ता तर खर्चात धरलेलाच आहे" असं होतं आणि असं समजणारे मालक मी नंतर बरेच पाहिले. तर 60 आले, 30 मुद्दल गेलं, 20 व्याज गेलं, आणि ओव्हरड्राफ्ट 33 वरून 150 म्हणजे 117 आले. बेरीज 127.

म्हणजे वर्षाची गोष्ट अशी की धंद्यात 96 गेले, मशीनला 90 गेले, बँकेने 127 दिले आणि उरलेले 59 आपल्या शिलकीतून गेले.

पण त्यातही एक गोष्ट मला खटकत होती. 59 ने कमी झाले हे वाचताना तितकं भयंकर वाटत नाही. मग मी ओव्हरड्राफ्टला कर्ज न मानता खात्यातल्या शिलकीतूनच वजा करून बघितलं, कारण आमच्यासाठी ते खरंच रोजचं खातं होतं, सकाळी पैसे भरायचे, संध्याकाळी काढायचे. IAS 7 या आंतरराष्ट्रीय मानकातही, मागेल तेव्हा फेडायचा आणि रोजच्या रोकड व्यवहाराचाच भाग असलेला ओव्हरड्राफ्ट काही परिस्थितीत रोकडीत धरता येतो. तसं केलं तर मागच्या वर्षी 62 वजा 33, म्हणजे अधिक 29. या वर्षी 3 वजा 150, म्हणजे उणे 147. एका वर्षात 176 लाखांची घसरण. खात्यावर दर महिन्याला थोडे थोडे पैसे दिसत राहिले म्हणून कोणालाच कळलं नाही, कारण ते पैसे बँकेचे होते. लिमिट संपली त्या दिवशी कळलं.

रविवारीही तेच घेऊन बसले. सरांचा प्रश्न "कुठायत" असा होता, आणि "येण्यांमध्ये" हे त्याचं अर्धंच उत्तर आहे. विक्री दीडपट झाली तर येणी दीडपट होणारच ना? म्हणून मी प्रत्येक आकडा फोडला. मागच्या वर्षीची येणी 132, त्याच्या दीडपट 198. म्हणजे ग्राहक आधीसारखेच 60 दिवसांत पैसे देत राहिले असते तरी 66 लाख जास्तीचे अडकलेच असते. हा वाढीचा भाग. पण झाले 300, म्हणजे वरचे 102 हे उशिराचे. 300 भागिले 1200 गुणिले 365 केलं तर 91 दिवस येतात, आधीचे 60. एक महिना लांबलं. स्टॉकचंही तसंच, दीडपट झाला असता तर साधारण 157 हवा होता, होता 190, म्हणजे 52-53 लाख वाढीचे आणि 32-33 लाख जादा साठ्याचे. पुरवठादारांची देणी दीडपट झाली असती तर 105, ती होती 95, म्हणजे आपण पुरवठादारांना आधीपेक्षा लवकर पैसे देत होतो, 10 लाख तिथे.

सगळं मिळून 228 पैकी सुमारे 84 लाख नुसत्या वाढीने गेले आणि 144 आपल्या वागण्याने.

यातला 84 चा आकडा मला जास्त महत्त्वाचा वाटला, कारण तो कोणाच्याही चुकीमुळे नव्हता. सगळं अगदी शिस्तीत झालं असतं तरी ऑर्डर वाढल्या की तांबं, ब्रेकर, मजुरी याचे पैसे आधी जातात आणि ग्राहकाचे नंतर येतात, आणि ही दरी जितकी मोठी तितके वाढीचे पैसे जास्त लागतात. आमची दरी मागच्या वर्षी अशी होती: माल 68 दिवस पडून, मग ग्राहक 60 दिवस, त्यातून पुरवठादाराची 46 दिवसांची उधारी वजा, म्हणजे 82-83 दिवस प्रत्येक पॅनल आपल्या पैशावर उभं. या वर्षी 83 अधिक 91 वजा 41, म्हणजे 133 दिवस. दरी 50 दिवसांनी वाढली आणि त्याच वर्षी विक्री दीडपट झाली, दोन्ही एकदम. विक्री तेवढीच राहिली असती तर कदाचित आम्ही निभावून नेलं असतं, विक्री वाढल्यामुळेच पैसे लवकर संपले. सरांना हे पटायला सगळ्यात जास्त वेळ लागला.

सोमवारी मी आकडे बाजूला ठेवून ते पैसे प्रत्यक्ष बघायला गेले.

आधी येणी. बिलांची जुनी-नवी यादी काढली तर 102 पैकी 72 लाख एकाच ग्राहकाचे निघाले. मोठी ऑर्डर, 240 लाखांची, वर्षातली सगळ्यात मोठी, ती मिळाली तेव्हा सगळ्यांनी किती आनंद केला होता. अटी अशा की 10 टक्के आगाऊ, 60 टक्के माल पोचल्यावर, आणि 30 टक्के पॅनल जागेवर चालू करून चाचणीच्या रिपोर्टवर सही झाल्यावर. 30 टक्के म्हणजे 72. माल आठ महिन्यांपूर्वी गेला होता, बिल पूर्ण 240 चं झालं होतं, नफ्यात पूर्ण धरलं होतं (माल त्यांच्या ताब्यात गेला होता, ऑडिटरची त्याला हरकत नव्हती), टॅक्सही पूर्ण भरला होता. आणि 72 लाख का अडकले? तर त्यांची इमारतच पूर्ण झाली नव्हती. पॅनल प्लास्टिकमध्ये गुंडाळून एका कोपऱ्यात उभे होते, त्यांना वीजच जोडलेली नव्हती, मग चाचणी कुठून होणार. आमच्याकडून कोणी पाठपुरावा केला का विचारलं तर विक्रीवाले म्हणाले आमचं काम डिस्पॅचपर्यंत, सर्व्हिसवाले म्हणाले आम्हाला बोलावलंच नाही, आणि वसुलीसाठी मी फोन केले होते तेव्हा त्यांचा अकाउंटंट दर वेळी म्हणायचा, रिपोर्ट द्या, पैसे देतो. त्याचं बरोबरच होतं. ते बुडीत नव्हते, उशिराचेही नव्हते खरं तर, अटीनुसार ते अजून देय झालेच नव्हते. ऑर्डर घेताना ती 30 टक्क्यांची अट कोणी रोकडीच्या नजरेने वाचली नव्हती.

मग गोडाऊन. तिथल्या काकांनी मला एक रॅक दाखवला, खालपासून वरपर्यंत तांब्याच्या पट्ट्या, काहींवर धूळ. मी विचारलं किती दिवस पुरेल. ते म्हणाले, "पाच महिने सहज. जागा नाही म्हणून अजून बाहेर पण ठेवलंय." 45 लाखांचं तांबं. खरेदीवाल्यांनी 3 टक्के सूट मिळाली म्हणून एकगठ्ठा घेतलं होतं आणि ती सूट मिळवायला रोख पैसे दिले होते, म्हणूनच पुरवठादारांचे दिवसही 46 वरून 41 वर आले होते, दोन्ही धागे त्या एकाच रॅकला येऊन मिळाले. मी तिथेच उभं राहून हिशेब केला. सूट मिळाली 1 लाख 35 हजार. पाच महिन्यांचा माल म्हणजे सरासरी अडीच महिने तो पडून राहणार, आणि जी दीड महिन्याची उधारी मिळत होती ती सोडली, असे साधारण चार महिने 45 लाख अडकले. ओव्हरड्राफ्टला 10 टक्के व्याज, म्हणजे दीड लाख. सूट व्याजालाही पुरली नाही. आणि पी अँड एल मध्ये काय दिसलं असेल? खरेदी स्वस्त झाली, म्हणजे नफा चांगला. व्याज तिसऱ्याच ओळीत, त्याचा आणि तांब्याचा संबंध कोण लावणार. खरेदीवाल्या दादांचा यात काही दोष मी मानत नाही, त्यांना वर्षानुवर्षं भाव कमी करण्यासाठीच शाबासकी मिळत आली होती, त्यांच्या पुढे रोकडीचा आकडा कोणी ठेवलाच नव्हता.

मशीनबद्दल थोडक्यात, ती चांगली मशीन होती, गरजेची होती, पण 90 पैकी 60 चंच कर्ज घेतलं आणि 30 शिलकीतून दिले, "आपल्याकडे आहेत ना" म्हणून. चालू खात्यातून दिलेले ते 30 सात वर्षं चालणाऱ्या वस्तूत गेले आणि मग पगाराला कमी पडले. पूर्ण कर्ज घेतलं असतं तर हप्ता थोडा वाढला असता, पण ही वेळ थोडी पुढे गेली असती. टळली नसती.

हे सगळं शोधताना मला जुनी एक केस वाचायला मिळाली, अमेरिकेतल्या डब्ल्यू. टी. ग्रँट या दुकानांच्या मोठ्या साखळीची. 1975 मध्ये ती दिवाळखोरीत गेली, आणि त्याआधी वर्षानुवर्षं नफा दाखवत होती, पण ग्राहकांना दिलेली उधारी आणि साठा इतका वाढत होता की धंद्यातून रोकड बहुतेक वर्षं येतच नव्हती. आणि त्या काळच्या हिशेबात ते सहज दिसत नव्हतं, कारण तेव्हा जे विवरण असायचं त्यात बऱ्याच कंपन्या "निधी" म्हणजे खेळतं भांडवल धरायच्या. म्हणजे येणी वाढली तर निधी वाढला असंच दिसायचं! आमचे 300 त्या पद्धतीने मांडले असते तर ती चांगली बातमी ठरली असती. रोकडीवर आधारलेलं स्टेटमेंट अमेरिकेत सक्तीचं झालं ते 1987 च्या मानकाने. हे वाचल्यावर मला त्या कंटाळवाण्या पानाबद्दल एकदम आदर वाटायला लागला, ते पान कोणाच्यातरी बुडण्यातून आलेलं आहे.

सरांना मी मंगळवारी सगळं दाखवलं. पहिला प्रश्न त्यांनी विचारला की हे आधी कधी कळलं असतं. चांगला प्रश्न होता. मी महिन्यामहिन्याचे आकडे काढले तर सहाव्या महिन्यातच विक्री वाढत होती त्याच्या दुप्पट वेगाने येणी वाढत होती. वर्षअखेरीला विक्री 50 टक्क्यांनी वाढलेली आणि येणी 127 टक्क्यांनी. ही एवढी एक तुलना दर महिन्याला केली असती तरी पुरलं असतं. फक्त वर्षअखेरीचं स्टेटमेंट बघून मात्र फसायला होतं, कारण शेवटच्या महिन्यात पुरवठादारांचे पैसे दोन आठवडे थांबवले की धंद्यातली रोकड कागदावर छान दिसते आणि पुढच्या महिन्यात तेच पैसे जातात. आमच्याकडे हे कोणी केलं नव्हतं, पण करणं किती सोपं आहे ते मला बनवताना कळलं. आणि उलटही खरं आहे, एका वर्षी धंद्याची रोकड उणे आली म्हणजे कंपनी बुडाली असं नाही, मोठी ऑर्डर वर्षाच्या सीमेवर आली तरी तसं होतं. तीन-चार वर्षांचा नफा एकत्र आणि तेवढ्याच वर्षांची धंद्याची रोकड एकत्र ठेवून बघायची. मी मागची तीन वर्षं बघितली, त्यांत दोन्ही आकडे जवळपास होते, म्हणून मला थोडा धीर आला की नफा खरा आहे, पैसा अडकलाय फक्त.

दुसरी गोष्ट सरांची लाडकी होती, ती म्हणजे एबिटडा. बँकेशी बोलताना ते नेहमी 160 सांगायचे: टॅक्सच्या आधीचा नफा 110, त्यात व्याज 20, घसारा 30. त्यांना वाटायचं एवढी रोकड दर वर्षी धंदा देतो. मी त्या 160 खालीच लिहून दाखवलं, टॅक्स 28 गेला, 132 राहिले, त्यातून निव्वळ 228 येणी आणि साठ्यात गेले. 160 मध्ये ते 228 कुठेच नाहीत. त्यांनी पेन घेऊन 228 भोवती गोल केला आणि तो कागद स्वतःकडे ठेवला.

पुढचे काही महिने आम्ही तेरा आठवड्यांचा तक्ता चालवला, अगदी साधा, प्रत्येक आठवड्याला कोणाचे किती येणार, कोणाला किती जाणार, खाली शिल्लक. त्यात नफा हा शब्दच नाही. "येणार" मध्ये बिलाची तारीख नाही लिहायची, ग्राहक गेल्या तीन वेळा जितक्या दिवसांनी पैसे देत आला त्यावरून लिहायचं, हा नियम मी सोडला नाही, कारण पहिल्या दोन आठवड्यांत विक्रीवाल्यांनी बिलाच्या अटींवरून तारखा दिल्या आणि तक्ता सपशेल चुकला. तांब्याची खरेदी महिन्याच्या गरजेवर आली, पुरवठादाराची उधारी परत सुरू झाली. नव्या ऑर्डरींत चाचणीच्या अटीपुढे एक वाक्य टाकलं, की जागा तयार नसेल तर माल पोचल्यापासून 90 दिवसांनी उरलेली रक्कम देय होईल. एका ग्राहकाने ते मान्य केलं नाही, ती ऑर्डर सरांनी सोडली. मला वाटलं नव्हतं ते सोडतील.

आणि ते 72 लाख. आमचा सर्व्हिसचा मुलगा त्या साइटवर जाऊन बसला, तात्पुरता जनरेटर लावून पॅनल एकेक करून चालू केले, त्यांच्या इंजिनिअरने पाच पानांच्या रिपोर्टवर सही केली, तो रिपोर्ट मी त्याच दिवशी त्यांच्या अकाउंटंटला पाठवला आणि एकोणीस दिवसांनी पैसे खात्यात आले. मी एंट्री केली. येणी 72 ने कमी, ओव्हरड्राफ्ट 72 ने कमी. मग पी अँड एल उघडून बघितला, त्यात एक आकडाही हलला नव्हता.